बुडीत कॉइल : बाहेरचा h जास्त येतोय, मदत हवी आहे

रत्नागिरीच्या आंबा प्रक्रिया युनिटमधली उभी टाकी. आत तांब्याची कॉइल: बाहेरचा व्यास २५ मिमी, लांबी १० मी., दोन वेढ्यांत जेमतेम ४० मिमी (केंद्र ते केंद्र). ढवळणी नाही. टाकीत ३०° असताना मिनिटाला २० लिटर पाणी ८०° ने आत जाऊन ६४° ने बाहेर येतं, म्हणजे साधारण २२ किलोवॅट.

आडव्या नळीसाठीचं चर्चिल-चू सूत्र लावलं. आतला h सुमारे ५००० आला, त्यावरून पुनरावृत्तीने भिंत ६३° ठरली. गुणधर्म ४६.५° चे घेतले. Ra ≈ 2.4×10⁷, Nu ≈ 44, h ≈ ११२० W/m²K, उष्णता २९ किलोवॅट. कॉइल काढून पाहिली, क्षार नाहीत, थर्मामीटरही तपासले.

संशय वेढ्यांवरच आहे: खालच्याचं तापलेलं पाणी वरच्याला लागतं. इतक्या जवळच्या वेढ्यांसाठी व्यासच लांबी धरून h ला गुणक लावायचा, की कॉइलची उंची घ्यायची?