मदत हवी आहे: एनपीए 5 टक्के असताना लॉजिटचा सरासरी मार्जिनल इफेक्ट 8 टक्के कसा वाचावा?

मिरज_कर्जविभाग

नमस्कार. मी सांगलीतील एका नागरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काम करते आणि नोकरी सांभाळून संख्याशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. कोणते कर्ज थकीत जाण्याची शक्यता अधिक आहे, हे पाहण्यासाठी मी आमच्या खात्यांवर एक लॉजिट मॉडेल बसवले आहे. आमच्याकडे साधारण 6000 कर्जखाती असून त्यांपैकी 300 एनपीए झालेली आहेत. उत्पन्नाचे दाखले, जामीनदारांचा तपशील आणि इतर कर्जांचे हप्ते हे सारे कागदी प्रकरणांत असल्यामुळे सर्व खात्यांची नोंद हाताने करणे शक्य नव्हते, म्हणून मी एनपीए झालेली सर्व 300 आणि नियमित खात्यांतील 300 अशी एकूण 600 प्रकरणे घेतली.

मॉडेलमध्ये मुख्य चल आहे मासिक हप्त्याचे मासिक उत्पन्नाशी असलेले प्रमाण, ज्याला मी `hapta10` असे नाव दिले आहे; त्यातील एक एकक म्हणजे दहा टक्के, म्हणजे प्रमाण 30 वरून 40 वर गेले तर `hapta10` एकने वाढतो. दुसरा चल शेती कर्ज आहे की नाही, हा आहे. `hapta10` चा कोएफिशिअंट 0.40 आला आणि `avg_slopes` ने त्याचा सरासरी मार्जिनल इफेक्ट 0.08 दाखवला.

कर्ज समितीपुढे मी सांगितले की हप्त्याचा भार दहाने वाढला की थकीत जाण्याची शक्यता 8 टक्क्यांनी वाढते. त्यावर एका ज्येष्ठ संचालकांनी विचारले, "आपली एकूण एनपीए खाती पाच टक्के आहेत, मग एवढ्याशा फरकाने आठ टक्के वाढ कशी होईल?" हे 8 टक्के म्हणजे पाचाचे आठ टक्के, म्हणजे 5 चे 5.4 होणे, असे समजावे का? तसे वाचले तर आकडा पटतो, परंतु पुस्तकातील व्याख्येशी तो जुळत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

कृष्णाकाठ

आपण ऑड्स रेशो वापरावा, असे माझे मत आहे. 0.40 चा घातांक घेतला की 1.49 येतो, म्हणजे हप्त्याचा भार दहाने वाढला की थकीत जाण्याची शक्यता 49 टक्के अधिक होते. आम्ही विद्यापीठात प्रकल्प करताना हेच लिहीत असू. मार्जिनल इफेक्ट हा डेटानुसार बदलत राहतो, ऑड्स रेशो बदलत नाही, म्हणून समितीपुढे त्यावर विसंबणे योग्य ठरेल.

आकडेमोड_सातारा

मिरज_कर्जविभाग, तुमचे संचालक योग्य ठिकाणी अडखळले आहेत. 0.08 चा अर्थ 5 चे 5.4 होणे असा नाही. मार्जिनल इफेक्ट शक्यतेच्याच मापात असतो, म्हणून तो आठ टक्केबिंदू आहे: 50 चे 58 होण्यासारखा, आणि अडचण नेमकी या 50 मध्ये आहे.

तुमच्या नमुन्यात निम्मी खाती थकीत आहेत. स्थिरांक असलेल्या लॉजिटमध्ये अंदाजित शक्यतांची सरासरी नमुन्यातील थकीत खात्यांच्या प्रमाणाइतकीच येते, म्हणून तुमच्या मॉडेलच्या दृष्टीने सरासरी कर्जदार 50 टक्के शक्यतेवर उभा आहे, प्रत्यक्षात मात्र तो 5 टक्क्यांवर आहे. एका कर्जदाराचा मार्जिनल इफेक्ट म्हणजे कोएफिशिअंट गुणिले p(1−p). हा गुणाकार p निम्मा असताना सर्वाधिक, म्हणजे 0.25 असतो आणि p शून्याकडे गेला की आटत जातो. तुमच्या 600 प्रकरणांवर त्याची सरासरी सुमारे 0.20 असणार, कारण 0.40 ला 0.20 ने गुणले की 0.08 मिळतात. तुमच्या संपूर्ण कर्जव्यवहारात सरासरी p 0.05 असेल, तर p(1−p) ची सरासरी 0.0475 पेक्षा जास्त असूच शकत नाही. म्हणजे 0.40 हा कोएफिशिअंट बरोबर धरला तरी खरा सरासरी परिणाम 1.9 टक्केबिंदूंच्या वर जाणार नाही. संचालकांना जे खटकले ते हेच.

कृष्णाकाठ यांचे म्हणणे एका बाबतीत बरोबर आहे. थकीत आणि नियमित खाती वेगवेगळ्या प्रमाणात उचलली, तरी लॉजिटमध्ये स्थिरांक सोडून बाकी कोएफिशिअंट बिघडत नाहीत, म्हणून ऑड्स रेशोही टिकतो. हा गुण लॉजिटचा आहे. प्रोबिट वापरले असते तर तो मिळाला नसता. मात्र ऑड्स 49 टक्क्यांनी वाढणे आणि शक्यता 49 टक्क्यांनी वाढणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शक्यता 5 टक्के असेल तर ती सुमारे 7.3 वर जाते, म्हणजे जवळपास 46 टक्के वाढ. पण शक्यता 50 टक्के असेल तर ती सुमारे 60 वर जाते, म्हणजे 20 टक्के वाढ. समितीला शेवटी रुपयांत तरतूद करायची असते, आणि ऑड्सवरून तरतूद काढता येत नाही.

दुरुस्ती सांगण्याआधी एक विचारतो: नियमित 300 खाती कशी निवडली? थकीत खात्याच्या जोडीला त्याच शाखेतील, त्याच रकमेचे नियमित खाते घेतले असेल, तर पुढचे गणित लागू होणार नाही.

ऊसपट्टा_कराड

आमच्या संस्थेतही पाच टक्क्यांची तेरा टक्के झाली होती, तेव्हा इतकी काळजी करू नये. त्यात बरीचशी ऊस कर्जे होती. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते आणि तोड दीड वर्षाच्या सुमारास. बिल कारखान्याकडून उशिरा आले की खाते थकलेले दिसते, माणूस बुडवणारा नसतो. आपल्या मॉडेलमध्ये शेती कर्जाला वेगळे स्थान दिले आहे का?

मिरज_कर्जविभाग

आकडेमोड_सातारा, नियमित खात्यांच्या यादीतून खाते क्रमांकांवर यादृच्छिक निवड केली होती, जोडी लावली नव्हती. म्हणजे 5700 मधून 300, अर्थात एकोणीसमधून एक.

ऊसपट्टा_कराड, एनपीए 5 वरून 13 वर जाईल असे मॉडेल म्हणत नाही, तो प्रश्न नव्हता. पण शेती कर्जाचा चल मॉडेलमध्ये आहे आणि त्याचा परिणामही मोठा दिसतो आहे.

आकडेमोड_सातारा

मग दुरुस्ती सोपी आहे. नमुन्यातील ऑड्स 1 आहेत आणि प्रत्यक्षातील 1/19, म्हणून स्थिरांकातून ln 19, म्हणजे सुमारे 2.94, वजा करावे लागतात. परंतु एवढ्यावर थांबलात तर निम्मेच काम होते. स्थिरांक खाली आणूनही सरासरी त्याच 600 ओळींवर काढली, तर त्या ओळींत थकीत कर्जदारांची, म्हणजे जास्त हप्ताभार असलेल्यांची गर्दी तशीच राहते. म्हणून सरासरी काढतानाही प्रत्येक नियमित खात्याला 19 आणि थकीत खात्याला 1 असे वजन द्यावे लागते. तिन्ही आकडे एकापाठोपाठ काढून पाहा:

```r
m <- glm(npa ~ hapta10 + factor(sheti),
         family = binomial, data = d)
b <- coef(m)["hapta10"]
w <- ifelse(d$npa == 1, 1, 19)

p0 <- fitted(m)
p1 <- plogis(predict(m) - log(19))

b * mean(p0 * (1 - p0))
b * mean(p1 * (1 - p1))
b * weighted.mean(p1 * (1 - p1), w)
```

आणखी एक पडताळा करा. `weighted.mean(p1, w)` चे उत्तर 0.05 च्या अगदी जवळ यायला हवे. ते 0.08 किंवा 0.09 आले, तर वजने चुकली आहेत किंवा द्यायची राहून गेली आहेत.

मिरज_कर्जविभाग

मनःपूर्वक आभार. पहिली ओळ 0.080, दुसरी 0.027 आणि तिसरी 0.018 आली, पडताळ्याचे उत्तरही 0.05 मिळाले. म्हणजे मी समितीपुढे खऱ्याच्या चौपटीहून मोठा आकडा ठेवला होता. पुढील बैठकीत तो मागे घेऊन दुरुस्त टिपण देणार आहे.

एक शंका उरते. आपणच वर लिहिले आहे की 5 टक्के शक्यता असलेला कर्जदार 7.3 वर जातो, म्हणजे 2.3 टक्केबिंदूंची वाढ. मग सरासरी 1.8 कशी?

आकडेमोड_सातारा

याची दोन कारणे आहेत. 1.8 हा वक्राचा त्या-त्या बिंदूवरील उतार आहे, पूर्ण एककाची उडी नाही; कमी शक्यतेच्या भागात वक्र वर वळत असल्याने प्रत्यक्ष उडी उतारापेक्षा मोठी येते. एक एकक म्हणजे दहा टक्क्यांचा हप्ताभार हे लहान पाऊल नव्हे, त्यामुळे हा फरक डोळ्यांना दिसतो. दुसरे असे की तुमचे सर्व कर्जदार 5 टक्क्यांवर नाहीत. बरेचसे 2-3 टक्क्यांवर आहेत आणि थोडे 15-20 वर. समितीचा प्रश्न "दहाने वाढला तर काय" असाच असेल, तर उताराऐवजी थेट फरक काढा. प्रत्येक ओळीत `predict(m) - log(19)` मध्ये 0.40 मिळवून नवा p काढा, त्यातून जुना वजा करा आणि त्याच वजनांनी सरासरी घ्या. माझ्या अंदाजाने 2.1 च्या आसपास येईल.

हे सरासरीचे आकडे एकेका अर्जावर मात्र लावू नका. ज्याची शक्यता 2 टक्के आहे, त्याच्यासाठी उतार 0.8 टक्केबिंदू आहे. ज्याची 20 टक्के आहे, त्याच्यासाठी 6.4. मंजुरीची मर्यादा ठरवायची असेल तर 20 टक्क्यांच्या आसपासचे कर्जदार वेगळे पाहावेत, आणि ते तुमच्या नमुन्यात पुरेसे आहेत, ही थकीत खाती सगळी घेतल्याची जमेची बाजू.

ऊसपट्टा_कराड यांचा मुद्दा हप्त्याच्या चलाला लागू नाही, पण शेती कर्जाच्या चलाला नक्की लागू आहे. इतर मुदत कर्ज 90 दिवस थकले की एनपीए होते. पीक कर्ज मात्र अल्प मुदतीच्या पिकाचे दोन हंगाम आणि दीर्घ मुदतीच्या पिकाचा एक हंगाम थकल्यावर. म्हणजे `npa` = 1 याचा अर्थच दोन गटांत निराळा आहे. शेती कर्जाच्या मार्जिनल इफेक्टमध्ये किती भाग कर्जदाराचा आणि किती व्याख्येचा, हे या मॉडेलमधून वेगळे करता येणार नाही.

कृष्णाकाठ

शक्यता आणि ऑड्स यांत मी गल्लत केली होती, हे मान्य. पण मग शेती आणि बिगरशेती कर्जांची दोन स्वतंत्र मॉडेल बसवावीत, हे अधिक योग्य नाही का? त्यात प्रत्येक गटाचा 19 हा आकडाही वेगळा निघेल.

आकडेमोड_सातारा

वेगळी बसवली तर आकडा वेगळा निघेल हे खरे, कारण दोन्ही गटांतील एनपीएचे प्रमाण निराळे असणार. 300 थकीत खात्यांपैकी शेतीची किती आहेत, यावर ते अवलंबून आहे. तीस-चाळीसच असतील तर मी स्वतंत्र मॉडेल बसवणार नाही.

मिरज_कर्जविभाग

शेतीची 74 आहेत, त्यांत द्राक्षबागांची बहुसंख्य.

मला आणखी एक गोष्ट आता खुपते आहे. 6000 ही आज येणे असलेली खाती आहेत. जी वेळेत फेडून बंद झाली ती यादीत नाहीत, थकीत खाती मात्र वर्षानुवर्षे यादीत राहतात. तेव्हा मंजुरीच्या वेळच्या कर्जदारांत थकीत जाणाऱ्यांचे प्रमाण 5 टक्क्यांपेक्षा कमी असणार आणि माझा 19 हा आकडाही लहान असणार. बंद खात्यांची प्रकरणे जुन्या दप्तरात आहेत, ती काढायला परवानगी मागितली आहे. ती मिळेपर्यंत 0.018 ला मी "आज येणे असलेल्या खात्यांपुरता" असेच म्हणणार आहे. केवळ मंजुरीच्या वर्षानुसार गट पाडून ही अडचण कमी होईल का, हे कोणी केले असल्यास कृपया लिहावे.