२६ आठवडे संपल्यावर काय?

"लग्न ठरवताना 'नोकरीला हरकत नाही' म्हणाले होते. आता बाळंतपणाची रजा संपत आली, तर सासरी सगळे 'सोड' म्हणतात. काय करू?"

ताई, माझ्या भाचीचं असंच झालं. घर कोथरूडला, ऑफिस हिंजवडीला. बैठकीत पत्रिका, पगार सगळं निघालं; पण २६ आठवड्यांच्या भरपगारी रजेनंतर बाळाला कोण बघणार, हे कुणी विचारलंच नाही. सासूबाईंनी धरलं सून थांबेल, हिनं धरलं त्या सांभाळतील. (नवऱ्याला कुणी धरलंच नव्हतं!) त्यात फ्लॅटचा हप्ता दोघांच्या पगारावर.

५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय कायद्यानं द्यावी लागते, ते एचआरला विचारा. मग नवऱ्यासोबत हप्ता, पाळणाघराची फी कागदावर मांडा. आईशी बोलायचं ते मात्र त्यानंच.