शब्दचर्चा : ‘फ्रंटसाइड’ म्हणजे नक्की कुठली बाजू?

सानिकाची आई : लेक दहा वर्षांची, दीड वर्ष स्केटबोर्डिंग करतेय. रविवारी पहिली स्पर्धा झाली. उडी मारून बोर्ड पायाखाली गरकन पालथा-उताणा फिरवायचा, अशा तीन किकफ्लिप तिने 45 सेकंदांत मारल्या, एकदाही पडली नाही. तरी वरचा नंबर ज्या मुलाला मिळाला त्याला किकफ्लिप येतच नाही! परीक्षक म्हणाले, “हिचं सगळं सपाटीवर आणि तेच तेच. त्याने रेलवर, म्हणजे घसरायच्या दांड्यावर, फ्रंटसाइड, बॅकसाइड दोन्ही केलं.” फ्रंटसाइड म्हणजे पुढची बाजू ना? पुढे तर सगळेच जातात.

रवी, ठाणे : फ्रंटसाइड म्हणजे डावीकडे वळणं आणि बॅकसाइड म्हणजे उजवीकडे. माझा मुलगा असंच शिकला.

जुना स्केटर : रवीभाऊ, तुमचा मुलगा डावा पाय पुढे ठेवत असणार. त्याच्यापुरतं ते बरोबर आहे. उजवा पाय पुढे ठेवणाऱ्याचं नेमकं उलटं होतं. क्रिकेटमधली ऑफ आणि लेग आठवा. डावखुरा खेळायला आला की मैदान तेच राहतं, बाजू बदलतात. इथे बाजू छातीवरून ठरते. आपण बोर्डवर आडवे उभे असतो. वळताना छाती आधी जाण्याच्या दिशेकडे आली तर फ्रंटसाइड, पाठ आली तर बॅकसाइड. रेलकडे जाताना रेल छातीसमोर असेल तर फ्रंटसाइड, पाठीमागे असेल तर बॅकसाइड.

यात एक गोम आहे. बोर्ड आडवा करून रेलवर घसरायचं ते बोर्डस्लाइड. फ्रंटसाइड बोर्डस्लाइडमध्ये रेल छातीसमोर असते, पण बोर्डचं नाक रेलवरून पलीकडे नेलं की अंग वळतं आणि मूल चक्क पाठ पुढे करून घसरतं. बघणाऱ्याला वाटतं, हे बॅकसाइड. नाव मात्र रेलकडे कसं गेलं त्यावरून पडतं, घसरताना तोंड कुठे होतं त्यावरून नाही.

आप्पा : आमच्या नातवाला शिकवणारा पोरगा ‘गूफी’ म्हणाला. मला राग आला. मुलाला वेडपट म्हणायचं? आणि बोर्डसकट उडी मारतात त्या ऑलीला ‘उसळी’ म्हटलं तर काय बिघडतं?

जुना स्केटर : आप्पा, ती शिवी नाही. उजवा पाय पुढे तो गूफी, डावा पुढे तो रेग्युलर. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर घसरायला सांगा, बहुतेकदा सवयीचा पाय आपोआप पुढे जातो. बदलायला लावू नका. तोच मुलगा पुढे मुद्दाम उलट्या पायाने तीच ट्रिक करेल तेव्हा तिला ‘स्विच’ म्हणतील आणि ती जास्त अवघड धरली जाईल. ‘उसळी’ छान आहे, पण ऑली हे ती उडी शोधणाऱ्या स्केटरचं, ॲलन गेलफंड यांचं टोपणनाव. माणसाच्या नावाचं भाषांतर कसं करणार?

आप्पा : ‘उसळी’ मी घरात वापरणारच.

सानिकाची आई : पण गुणांचं काय? किकफ्लिपला ठरलेले गुण नसतात?

जुना स्केटर : नसतात. ट्रिकचं दरपत्रक नाही. प्रत्येक परीक्षक संपूर्ण रन, म्हणजे ठरलेल्या वेळातला सगळा खेळ, पाहून एकच आकडा देतो. ट्रिक किती अवघड, किती वेगवेगळ्या, किती स्वच्छ उतरल्या, पार्कमधल्या रेल-उतारांचा किती वापर झाला, मध्ये पाय टेकून रेटा द्यावा लागला का, हे सगळं त्यात येतं. मोठ्या स्पर्धांत सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकडे वगळून उरलेल्यांची सरासरी काढतात. सानिकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या किकफ्लिपने परीक्षकांना नवं काहीच दाखवलं नाही. तिथेच फरक पडला.

रवी, ठाणे : पण ऑलिंपिकमध्ये तर एकेका ट्रिकला गुण दिसत होते.

जुना स्केटर : हो, ते स्ट्रीट या प्रकारातलं. पॅरिस 2024 मध्ये 45 सेकंदांच्या दोन रन आणि एकेकट्या पाच ट्रिक होत्या, प्रत्येकाला 100 पैकी गुण. सर्वांत चांगली एक रन आणि सर्वांत चांगल्या दोन ट्रिक धरायच्या, फसलेल्या ट्रिकला शून्य. जपानच्या युटो होरिगोमेने शेवटच्या ट्रिकवर 97.08 मिळवले. त्याची बेरीज 281.14, अमेरिकेच्या जॅगर ईटनची 281.04. दहा शतांशांनी सुवर्णपदक ठरलं. पार्क प्रकारात मात्र एकेकट्या ट्रिक नसतात, तीन रनमधली सर्वोत्तम धरतात. तुमच्या स्पर्धेत यातलं काय चालतं, ते रन सुरू होण्याआधीच विचारा.

सानिकाची आई : आता व्हिडिओ परत पाहिला. खरंच, ती सगळा वेळ एकाच कोपऱ्यात आहे. रेलला हातही लावला नाही. दुसऱ्या किकफ्लिपला पुढचा पाय बोर्डबाहेर पडून बोटं जमिनीला लागलेली दिसतात. मी ते ‘पडली नाही’ म्हणून धरलं होतं.

रवी, ठाणे : बोटं लागली तरी तोल सावरून पुढे गेली ना? आमच्याकडे एका परीक्षकाने असंच पूर्ण धरलं होतं, दुसऱ्याने धरलं नाही.

जुना स्केटर : यावर परीक्षकांतही वाद होतात. मी असतो तर ट्रिक धरली असती, पण आकडा बराच खाली ठेवला असता.

सानिकाची आई : मला तर धरायलाच नको वाटतंय आता. बघू, तिला विचारते.