घरच्या सोयाबीनच्या पिठातील प्रथिने अंगी लागतात का? मदत हवी आहे

तावरजाकाठ: माझ्या वडिलांचे वय 68 आणि वजन 58 किलो आहे. आहारतज्ज्ञांनी त्यांना रोज साधारण 58 ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत. वडील माळकरी असल्यामुळे अंडे घरात येत नाही. सध्याचा हिशोब असा: ज्वारीच्या दोन भाकरींतून 12 ग्रॅम, तुरीच्या 40 ग्रॅम कोरड्या डाळीतून 9, दोन कप दुधातून 10, आणि आमच्याच शेतातील सोयाबीन कढईत भाजून दळलेल्या 50 ग्रॅम पिठातून 18, म्हणजे एकूण 49. हे पीठ आई भाकरीत न मिसळता दुधात कालवून देते.

पण प्रथिन किती अंगी लागते ते सांगणारा गुणांक डाळीचा जेमतेम अर्ध्याच्या आसपास येतो आणि दूध फाटल्यावर निघणाऱ्या पाण्यातील प्रथिनाचा, म्हणजे व्हेचा, पूर्ण 1, असे वाचल्यापासून मी गोंधळलो आहे. प्रत्येक आकड्याला गुणांकाने गुणायचे का? शिवाय पीठ सुरू केल्यापासून वडिलांचे पोट फुगते. व्हेचा डबा आणावा की हेच पुरेल?

पहाटेची_तालीम: काका, सरळ व्हे आणा. मला सुरुवातीला त्याने गॅस व्हायचा, मग लॅक्टोज काढलेला प्रकार घेतला आणि त्रास थांबला. घरात अंडी चालत असतील तर दुधात कच्ची फेटून द्या, शिजवल्याने प्रथिने मरतात.

तावरजाकाठ: अंडे चालत नाही, हे वर लिहिले आहे.

वरणभात: अंडे चालत नसले तरी हा समज खोडला पाहिजे. 1998 च्या एका प्रयोगात शिजवलेल्या अंड्याचे सुमारे 91 टक्के प्रथिन पचले आणि कच्च्याचे जेमतेम 51 टक्के. उष्णतेने प्रथिनाची घडी उलगडते आणि पाचकरसांना ते तोडता येते. बाकी सोयाचा गुणांकही व्हेइतकाच, म्हणजे 1 आहे, तेव्हा डब्यावर पैसे घालवण्याचे कारण मला दिसत नाही.

गिरणीतला: मी तेलगिरणीच्या प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून शेवटच्या वाक्यापाशी थांबतो. जुन्या पीडीसीएएएस पद्धतीत 1 च्या वरचे सगळे कापून 1 च लिहीत, त्यामुळे व्हे, अंडे आणि सोया एका रांगेत बसले. 2013 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने, म्हणजे एफएओने, सुचवलेल्या डीआयएएएस पद्धतीत ती कात्री नाही आणि लहान आतड्याच्या टोकापर्यंत किती पचले ते पाहतात. तिथे व्हे 1 च्या आसपास किंवा थोडे वर आणि सोयाचे शुद्ध केलेले प्रथिन 0.9 च्या आसपास येते. हा गुणांक कारखान्यात काढलेल्या प्रथिनाचा आहे, कढईतल्या पिठाचा नव्हे.

कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचकरसाला अडवणारे घटक असतात. ते ओल्या उष्णतेने लवकर निकामी होतात, कोरड्या भाजणीने कमी आणि असमान होतात. कढईत साल तांबूस दिसते, पण दाणा फोडला तर आत हिरवट पिवळा आणि चवीला कच्च्या शेंगेसारखा उग्र लागतो. आमच्याकडे पेंडीवर युरिएज या कच्च्या सोयातील, उष्णतेने निकामी होणाऱ्या विकराची चाचणी घेतात: युरिया आणि फिनॉल रेड यांच्या द्रावणात कच्च्या पेंडीचे कण लाल होतात. तुमच्या हिशोबातला सर्वांत मोठा आकडा हाच 18 आहे आणि सर्वांत संशयाचाही हाच आहे.

सोयाबीन रात्रभर भिजवा, पाणी टाकून द्या, नव्या पाण्यात अर्धा तास चांगले उकळा, उन्हात कडक वाळवा आणि मग दळा. नंतर वासापुरते भाजायचे तर मंद आचेवर. करपले की लायसिन हे प्रथिनातले गरजेचे अमिनो आम्ल वाया जाते.

वरणभात: कारखान्यातल्या प्रथिनाचा मुद्दा मान्य. मग डाळीला अर्ध्याने गुणायचे का?

गिरणीतला: सुटे सुटे गुणू नये. डाळीत गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी आणि लायसिन भरपूर असते, ज्वारीत लायसिनच कमी असते. एका दिवसाच्या ताटात ती एकमेकांची उणीव बरीच भरतात. मात्र ज्वारीची एक खोड आहे: पाण्यात शिजल्यावर तिचे प्रथिन आपसांत घट्ट गुंतते आणि कमी पचते, म्हणून तिचे 12 ग्रॅम पुरे धरू नका. दूध ठेवाच.

विहिरीचे_पाणी: आमच्या बोअरच्या जड पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, म्हणून आम्ही चिमूटभर खायचा सोडा घालतो. त्याने काही बिघडते का?

गिरणीतला: सोडा जास्त पडला तर बी-1 जीवनसत्त्व जाते आणि गंधकयुक्त अमिनो आम्लांपैकी सिस्टीनलाही झळ पोहोचते, म्हणजे डाळीचे जे आधीच कमी तेच आणखी घटते. डाळ तासभर भिजवून गोड्या पाण्यात प्रेशर कुकरमध्ये लावा.

तावरजाकाठ: आत्ता दाणा फोडून पाहिला, आतून हिरवटच निघाला. उद्या दोन किलो सोयाबीन भिजत घालतो. पोट फुगणे त्याच घटकांमुळे आहे का?

गिरणीतला: तसे खात्रीने म्हणता येणार नाही. सोयाबीनमधील काही साखरी मोठ्या आतड्यात आंबून वायू करतात. त्या भाजल्याने जात नाहीत, भिजवलेले पाणी फेकल्याने थोड्या निघतात. नवे पीठ आठ दिवस 20 ग्रॅमच द्या आणि पाहा. तरीही फुगले तर व्हे आणण्याआधी आहारतज्ज्ञांना विचारा, आणि मूत्रपिंडाचे काम कळण्यासाठी क्रिएटिनिन तपासलेले नसेल तर तेही करून घ्या.