पाहुणे तमिळ, श्रोते मराठी: दुभाषाची सोय परिचयात कधी आणि कशी सांगायची?

रामबागची सून
आमच्या इंदूरच्या व्याख्यानमालेत पुढच्या महिन्यात तंजावरच्या मोडी कागदपत्रांवर एक अभ्यासक बोलायला येताहेत. ते तमिळमध्ये बोलणार, हिंदी जेमतेम. इथल्याच एक तमिळ बाई, ज्यांचं शिक्षण मराठीत झालंय, त्या पाहुण्यांचं बोलणं मराठीत सांगतील. निवेदन माझ्याकडे आहे. सचिवांचं म्हणणं, परिचय पूर्ण करा आणि शेवटी "भाषेची थोडी अडचण आहे, ताई भाषांतर करतील, सांभाळून घ्या" एवढं म्हणा. मला वाटतं हे आधी आणि नीट सांगावं. तुमचं मत काय?

जुना निवेदक
सचिवांशी सहमत, फक्त मी एक पाऊल पुढे जातो: परिचयात हे अजिबात नको. परिचय असतो उत्सुकता वाढवायला. तुम्ही पाहुण्यांचं काम रंगवत आणलंत आणि मध्येच "आता ताई भाषांतर करतील, प्रश्न नंतर विचारा, मध्ये उठू नका" सुरू केलंत की सगळी हवा गेली. या गोष्टी मोबाइल बंद ठेवण्याच्या सूचनेबरोबर द्याव्यात आणि निमंत्रणपत्रिकेवर छापाव्यात. निवेदक म्हणजे वर्गशिक्षक नव्हे.

राजवाडा कट्टा
पण मुळात तमिळ कशाला? इंदूर आहे हे. पाहुण्यांना सांगून द्या, हिंदीत नाही तर इंग्रजीत बोला. आपल्याच कार्यक्रमात आपली भाषा मागे पडते हे आधी बघा. परवा एका मराठी कार्यक्रमात सगळं निवेदन हिंदीत होतं!

रामबागची सून
@राजवाडा कट्टा, दादा, तो वेगळा विषय. पाहुण्यांचं सगळं लिखाण तमिळमध्ये आहे. इंग्रजीत बोलायला लावलं तर वरवरचं बोलतील, असं ते स्वतःच म्हणाले. भाषा ठरली आहे, प्रश्न ती सांगायची कशी एवढाच आहे.

कानामागून
मी परिषदांमध्ये दुभाषाचं काम करते, त्यामुळे माझी बाजू उघडच मंचावरच्या दुसऱ्या माइकची आहे. तरी लिहिते.

जुना निवेदक यांचं पत्रिकेचं म्हणणं बरोबर, पण पत्रिकेवर भागणार नाही. आपल्याकडे सातचा कार्यक्रम म्हणजे लोक साडेसातपर्यंत येतात, आणि पत्रिका घरी फ्रिजवर चिकटवलेली असते. मोबाइलच्या सूचनेच्या वेळी अर्धं सभागृह खुर्च्या शोधत असतं. म्हणून सोय परिचयाच्या सुरुवातीला, पाहुण्यांच्या पदव्यांच्या आधी सांगावी. शेवटी सांगितली तर ती टाळ्यांत बुडते. पाहुणे उभे राहून तमिळमध्ये सुरू करतात आणि लोक शेजाऱ्याला विचारू लागतात. पहिली तीन-चार मिनिटं अशी गेली की पुढचा धागा लागत नाही.

इथे टप्प्याटप्प्याने भाषांतर होणार आहे, म्हणजे पाहुणे थोडं बोलतील, थांबतील, मग ताई मराठीत सांगतील. हे ज्यांनी कधी ऐकलं नाही त्यांना दोन गोष्टी आधी कळायला हव्यात. एक, ताई "मी" म्हणतील तेव्हा तो "मी" पाहुण्यांचा. "मी 15 वर्षं ही कागदपत्रं वाचतोय" असं ताईंच्या तोंडून आलं की मागच्या रांगेत कुजबुज सुरू होते, हे मी अनेकदा पाहिलंय. दुसरं, वेळ. तासाभराचं भाषण असं सांगायला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. सभागृह नऊला बंद होत असेल तर पाहुण्यांनी अर्ध्याच वेळेचं भाषण आणायला हवं. हे त्यांना महिनाभर आधी कळवा आणि श्रोत्यांना संपण्याची वेळ मंचावरून सांगा, नाहीतर साडेआठला रांगा उठतात आणि पाहुण्यांना वाटतं आपलं काही चुकलं.

क्लाउडवाले भाऊ
एवढी कटकट कशाला? झूम लावा. मीटिंगमध्ये `Interpretation` चालू केलं की श्रोत्यांनी पृथ्वीगोलाच्या चिन्हावर भाषा निवडायची, `Mute Original Audio` दाबायचं, फोनला इअरफोन लावायचा. ताई मागे बसून एकाच वेळी बोलत राहतील, वेळ दुप्पट लागणार नाही. निवेदनात फक्त "फोन काढा, भाषा निवडा" एवढं सांगा. दोन वाक्यं, खेळ खलास.

कानामागून
@क्लाउडवाले भाऊ, झूममध्ये सोय आहे हे खरं, आणि वेळ वाचतो हेही खरं. पण ती यजमानाला आपल्या खात्यात आधी चालू करून ठेवावी लागते, आणि ताईंना दुभाषा म्हणून भाषेसह नेमावं लागतं. शिवाय ऐकता ऐकता बोलणं हे काम एकटी बाई दीड तास करू शकत नाही. साधारण 20 ते 30 मिनिटांनी माणूस बदलतो, म्हणून दोघं लागतात. एकटी राहिली की आधी आकडे सुटतात, मग नावं सुटतात, आणि श्रोत्यांना ते कळतही नाही.

"दोन वाक्यांत" तर ते होणारच नाही. रामबागेतल्या सत्तरीच्या श्रोत्यांना फोनवर भाषा निवडून द्यायला स्वयंसेवक रांगेत फिरवावे लागतील आणि निवेदिकेला विचारावं लागेल, "ज्यांना मराठी ऐकू येतंय त्यांनी हात वर करा." हात आले नाहीत तोवर पाहुण्यांना बोलावायचं नाही. भाड्याचे हेडसेट आणले तरी हेच करावं लागतं.

तिलकनगरची आजी
माझ्या नातीच्या लग्नात व्याही मल्याळी होते. गुरुजी प्रत्येक विधीचा अर्थ सांगत होते आणि व्याह्यांचा पुतण्या त्यांना कानात सांगत होता. पण आमच्यातल्या कुणी त्या पुतण्याची ओळखच करून दिली नव्हती. आमच्या वन्संना वाटलं, हा मुलगा सारखा बडबडतोय, आणि त्यांनी त्याला गप्प केलं! मग कन्यादान व्याह्यांना कळलंच नाही. तुमच्याकडे पाहुण्यांच्या कानात कोण सांगणार आहे?

रामबागची सून
आजी, हा विचार मी केलाच नव्हता. माझा परिचय मराठीत, आणि पाहुणे शेजारी बसलेले.

कानामागून
आजींनी नेमकं बोट ठेवलं. सोय श्रोत्यांपुरती नसते. तुम्ही पाच मिनिटं कौतुक करणार, आणि ज्यांचं कौतुक ते नुसते हसरा चेहरा ठेवून बसणार. म्हणून परिचयाचा मजकूर ताईंना दोन दिवस आधी द्या. तुम्ही बोलत असताना त्या पाहुण्यांच्या कानात तमिळमध्ये सांगतील. आणि व्यवस्थेची घोषणा झाली की ताईंनी ती माइकवरून तमिळमध्ये एका वाक्यात सांगावी. त्याने ताईंचा आवाज लोकांच्या ओळखीचा होतो आणि पाहुण्यांना थांबण्याचं बंधन लक्षात राहतं.

मी असं काहीसं बोलले असते:

"आजचे पाहुणे तमिळमध्ये बोलणार आहेत. ते तीन-चार वाक्यं बोलून थांबतील आणि ताई तेच मराठीत सांगतील. ताई 'मी' म्हणतील तो पाहुण्यांचा आवाज समजावा. पाहुणे ज्यांना एकोजी म्हणतील ते आपले व्यंकोजीराजे, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ. प्रश्न मराठीत विचारा, ताई ते पाहुण्यांना सांगतील. पावणेनऊला आपण थांबू."

यात एकोजींचं वाक्य मुद्दाम घातलंय. नाव ओळखीचं निघालं की लोक सरसावून बसतात, त्यामुळे जुना निवेदक म्हणतात ती हवा जात नाही.

जुना निवेदक
एकोजींचं वाक्य चांगलं आहे, ते मी उचलणार. मात्र "आवाज समजावा" वगैरे मी गाळेन, दोन मिनिटांत लोकांना आपोआप कळतं. प्रश्नांचं वाक्यही आत्ता नको, प्रश्नोत्तरांच्या वेळी सांगा. तासाभरापूर्वी सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहतं? आणि "सांभाळून घ्या" यात वाईट काय? आपली बोलायची रीत आहे ती.

कानामागून
प्रश्नांबद्दल मान्य, तेव्हा पुन्हा सांगावंच. "सांभाळून घ्या" मात्र नको. "भाषेची अडचण" म्हटलं की पाहुणे म्हणजे अडचण, आणि लोक चुका शोधत ऐकतात. ताईंच्या पोटात गोळा येतो तो वेगळाच.

जुना निवेदक
हे मला पटत नाही. मी प्रत्येक कार्यक्रमात "गोड मानून घ्या" म्हणतो, कुणी चुका शोधत बसलेलं दिसलं नाही.

वाचनालयवाला
इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक भर. न्यूरेंबर्गच्या खटल्यात 1945-46 साली हेडफोनवर चार भाषांची सोय होती. बोलणारा फार वेगाने बोलू लागला की त्याच्यासमोर पिवळा दिवा लागायचा, आणि लाल दिवा लागला की थांबायचं. वेग हाच तिथेही त्रास होता. तुमच्याकडे दिवा नाही, पण खूण आधी ठरवा. आणि तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवरच्या 1803 च्या मराठी शिलालेखाचा उल्लेख परिचयात जरूर करा, श्रोते तिथेच जिंकले जातील.

कानामागून
खूण उत्तम. ताईंनी तळहात टेबलावर ठेवला की पाहुण्यांनी थांबायचं, हे चहाच्या वेळी ठरवून घ्या. ही खूण श्रोत्यांना सांगायची गरज नाही. आणि ताईंसाठी वेगळा माइक हवाच. एकच माइक दोघांत फिरला की प्रत्येक तुकड्याचं पहिलं वाक्य ऐकू येत नाही.

निवेदिकेचं काम मात्र घोषणेवर संपत नाही. पहिल्या पाच मिनिटांत समोरच्या रांगेकडे बघा. पाहुणे हसले आणि ताईंचं सांगून झाल्यावर लोकही हसले तर ठीक चाललंय. पाहुणे सलग दोन-तीन मिनिटं बोलत सुटले आणि ताईंनी चार वाक्यांत आवरलं, तर पुढे होऊन हळूच थांबवा.

राजवाडा कट्टा
बरं, तमिळ तर तमिळ. पण ताईंचं नाव पाहुण्यांच्या आधी घेणार? मानाचा क्रम असतो नं.

रामबागची सून
तिथेच सचिवांशी अडलंय. मी सोय आधी सांगायचं ठरवलंय, म्हणजे ताईंचं नाव ओघाने आधी येतं. सचिव म्हणतात, पाहुण्यांच्या आधी कुणाचंही नाव नको, "दुभाषी" म्हणा आणि नाव आभारात घ्या.

कानामागून
नाव आधी, एका वाक्यात, पदव्या न सांगता. दीड तास ज्यांचा आवाज ऐकायचा त्यांना लोकांनी कोण समजायचं?

तिलकनगरची आजी
ताईंनाच विचारा की. त्यांना काय हवंय ते कुणी विचारलंच नाही.

जुना निवेदक
नाव आभारात, माझं मत बदललेलं नाही. माइकचं मात्र खरं आहे. आमच्याकडे उभा स्टँड आणि दुसरा माइक पडून आहे, सून ताई, आदल्या दिवशी कुणाला तरी पाठवा.