चेहरा झाकलेली मुलाखत बघवत नाही

> ताईंचा चेहरा ब्लर केला, आवाज जाड केला. ओळख लपली, पण दोन मिनिटांवर कुणी बघत नाही. काय करू?

ओळख लपली असंही धरून चालू नका. पट्टी नुसती खाली ओढलेला आवाज तितकाच वर ओढला की जवळजवळ मूळ आवाज परत मिळतो. शिवाय जाड आवाज ऐकला की गुन्हेगार बोलतोय असं वाटतं. मी दुसऱ्या बाईकडून डबिंग करून घेते. ती हेडफोनवर मूळ बोलणं ऐकत त्याच थांब्यांसह बोलते. लकबी आणि गावाची नावं मात्र बदलायची. आवाज दुसऱ्या व्यक्तीचा आहे, हे पडद्यावर लिहायचं.

चित्र पुन्हा घेता येत असेल तर ताईंना उजेडाच्या खिडकीसमोर पाठमोरं बसवा आणि एक्स्पोजर खिडकीवर लावा. मग एडिटिंगमध्ये ब्राइटनेस पूर्ण वाढवून पाहा. काचेत चेहरा उमटला किंवा गालाची कड उजळली, तर जागा बदला.

मधूनमधून हातांचे क्लोजअप घ्या. पदराशी चाळा करणारी बोटं चेहऱ्याइतकीच बोलतात. फक्त अंगठी, बांगड्या काढा आणि गोंदण असेल तर तो हात फ्रेमबाहेर ठेवा. (माझ्या पहिल्या फिल्ममधली बाई शेजारणीने बांगड्यांवरूनच ओळखली होती.)