मीटिंग रूममधल्या सॉकेटला पासवर्ड कुठाय?

सरळमार्गी: चाळीस माणसांच्या ऑफिसात ८०२.१एक्स म्हणजे नसती उठाठेव. वायफायचा पासवर्ड लांबलचक ठेवा, कोणी नोकरी सोडली की बदला. रेडियस सर्व्हर झोपला की अख्खं ऑफिस झोपणार. एवढं करून मिळतं काय?

पॅचपॅनेल: राहवलं नाही म्हणून लिहितोय. एक माणूस गेला की उरलेल्या सगळ्यांच्या लॅपटॉपवर, फोनवर, प्रिंटरवर नवा पासवर्ड घालायचा, हे कोणी करतं का? मी पाहिलेल्या ऑफिसांत दोनदा करतात आणि मग सोडून देतात. शिवाय डब्ल्यूपीए२ असेल तर पासवर्ड माहीत असलेला कोणीही, तुमचा लॅपटॉप जोडला जातानाची हँडशेक पकडून, तुमची वाहतूक उलगडू शकतो.

आणि भिंतीतल्या सॉकेटबद्दल तुम्ही अवाक्षर काढलेलं नाही. तिथे पासवर्ड नसतोच. पाहुण्याने केबल खुपसली की तो थेट आत. ८०२.१एक्स असेल तर रेडियसचा होकार येईपर्यंत पोर्ट ओळख पटवण्याचे संदेश सोडून काहीही पुढे जाऊ देत नाही, आणि होकारासोबत कुठल्या व्हीलॅनमध्ये टाकायचं तेही येतं. सर्व्हर दोन ठेवा. दोन्ही गेले तर पोर्ट कुठल्या मर्यादित व्हीलॅनमध्ये जाईल, ते स्विचवर आधीच ठरवता येतं.

रात्रपाळी: पॅचपॅनेलशी सहमत. आम्ही पीईएपी लावलं, सगळे आपापलं डोमेनचं नाव आणि पासवर्ड टाकतात. फोन कटकट करत होते म्हणून सर्टिफिकेटची तपासणी बंद केली. वर्षभर एकही तक्रार नाही.

पॅचपॅनेल: तक्रार येणारच नाही, कारण चोरी झाल्याचं कोणाला कळत नाही! उद्या पार्किंगमध्ये कोणी तुमच्याच नावाचं वायफाय उभं केलं, तर ते फोन आपणहून त्याच्याशी बोलायला लागतील. त्याच्या हाती लागलेल्या एमएसचॅपव्ही२ च्या देवाणघेवाणीतून पासवर्ड घरी बसून फोडता येतो. तोच पासवर्ड मेलचा, तोच फाइल सर्व्हरचा. मूळ सर्टिफिकेट आणि सर्व्हरचं नाव प्रत्येक उपकरणावर पक्कं करा. जमलं तर ईएपी-टीएलएसवर या, म्हणजे पासवर्डच उरत नाही.

सरळमार्गी: म्हणजे मी तेच म्हणत होतो. असं अर्धवट लावण्यापेक्षा माझा पासवर्ड बरा. तो फुटला तर फक्त वायफाय जातं.

पॅचपॅनेल: रात्रपाळींनी लावलंय तसं असेल, तर हो. तेवढ्यापुरतं.

टोनरत्रस्त: तुमचं चालू द्या, पण माझ्या प्रिंटरचं कोणी सांगेल का? सॉकेटवर हे सुरू केल्यापासून सकाळी प्रिंटर चालू केला की १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतो. केबल काढून घातली तरी तेच. मॅक पत्ता रेडियसमध्ये नोंदवलेला आहे, लॉगमध्ये होकारही दिसतो. लोक माझ्या नावाने ओरडतात.

केबलकुमार: होकार आला, पण उशिरा. प्रिंटरला ८०२.१एक्स कळत नाही. स्विच त्याला विचारतो, ३० सेकंद थांबतो, असं तीनदा. ९० सेकंदांनी मॅक पत्त्यावर येतो. तोवर प्रिंटरने डीएचसीपीचा नाद सोडलेला असतो. लॉगमधली होकाराची वेळ आणि पोर्ट जिवंत झाल्याची वेळ ताडून बघा. सिस्को असेल तर त्या पोर्टवर:

```
mab
dot1x timeout tx-period 10
dot1x max-reauth-req 2
```

म्हणजे ३० सेकंदांत काम होईल. फार खाली आणू नका. सावकाश सुरू होणारे लॅपटॉपही मग मॅकच्या वाटेने जायला लागतात.

रात्रपाळी: मग मॅक पत्ता हीच ओळख? तो प्रिंटरच्या पाठीवर चिकटवलेला असतो! कोणीही आपल्या लॅपटॉपला तो लावेल. मला सर्टिफिकेटवरून झापलंत आणि इथे मागचं दार सताड उघडं?

केबलकुमार: आवाज खाली. मॅक ही ओळख नव्हेच, म्हणून तर त्या वाटेने आलेल्याला प्रिंटरच्या वेगळ्या व्हीलॅनमध्ये टाकायचं. तिथून डीएचसीपी आणि डीएनएस, आणि फक्त प्रिंट सर्व्हरला प्रिंटरपर्यंत जाण्याची मुभा. नकली प्रिंटर बनून आत आलेल्याला पुढे रस्ताच नाही.

टोनरत्रस्त: आमचं यंत्र स्कॅन करून थेट फाइल सर्व्हरच्या फोल्डरमध्ये टाकतं. ते बंद झालं तर हिशेब विभाग मला जिवंत ठेवणार नाही.

रात्रपाळी: घ्या! ४४५ पोर्ट उघडलं, म्हणजे फाइल सर्व्हर समोर.

केबलकुमार: त्या एका फोल्डरपुरतं वेगळं, लिहिण्यापुरतं खातं द्या. धोका शून्य होत नाही, हे कबूल. स्कॅन मेलने पाठवणं मला बरं वाटतं, पण मोठ्या फाइली अडकतात.

सरळमार्गी: सॉकेटचा मुद्दा पटला, ते लावतो. वायफायचा पासवर्ड मात्र हलवणार नाही. सर्टिफिकेटं सांभाळायला माझ्याकडे माणूस नाही.

पॅचपॅनेल: मग सॉकेटवर कशाने ओळखणार? तिथेही तीच सर्टिफिकेटं लागतात. आणि विंडोजवर वायर्ड ऑटोकॉन्फिग ही सेवा आधी सुरू करा. ती मुळात बंद असते, आणि लॅपटॉप स्विचला उत्तरच देत नाही.